सिंक्रोनस मोटर वेग पकडत नाही, पकडला तर झुलते: डॅम्पर वाइंडिंगपर्यंत पोचायचा क्रम

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जुळत असतील तरच पुढचं तुमच्या कामाचं.

मोटर सुरू होते, वेग घेते, पण शेवटच्या टप्प्यात अडकते. आधी नऊ सेकंदांत होणारं काम पंधरा-सोळा सेकंद घेतं आणि मग पॅनल ट्रिप होतं. सुरू होताना घुमल्यासारखा, कमी-जास्त होणारा आवाज येतो. एखाद्या वेळी एंड कव्हरच्या जाळीतून रोटरवर ठिणग्या दिसतात. नशिबाने मोटर सिंक्रोनिझममध्ये गेली, म्हणजे स्टेटरच्या फिरत्या क्षेत्राच्या वेगाला मिळाली, तरी लोड बदलला की अँमीटरचा काटा डावी-उजवीकडे झुलत राहतो आणि लवकर थांबत नाही. दोन-तीनदा लागोपाठ स्टार्ट घेतला की गरम तांब्याचा आणि वॉर्निशचा वास येतो.

मी नागपुरात अशाच मोटरी दुरुस्त करतो. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, जिथे मोठे रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर सिंक्रोनस मोटरवर चालतात तिथून फोन येतो आणि तक्रार जवळपास एकच असते. मागच्या मे महिन्यात हिंगण्याच्या एका कारखान्यातल्या ऑपरेटरने फोनवर सांगितलं, "भाऊ, मोटर फिरून राहिली, पण पकडून नाही राहिली." एका वाक्यात निदानाची अर्धी दिशा त्याने दिली. फिरते म्हणजे डॅम्पर, रोटरच्या पोलांवर बसवलेला दांड्यांचा पिंजरा, थोडं तरी काम करतंय. पकडत नाही म्हणजे पुरेसं करत नाही, किंवा दुसरं कोणीतरी त्याच्या वाटेत आडवं आलंय.

तीच मोटर इथे उदाहरण म्हणून घेतो: ५०० किलोवॅट, ३३०० व्होल्ट, २० पोल, ३०० आरपीएम, थेट डबल ॲक्टिंग कॉम्प्रेसरला जोडलेली.

तपासायच्या आधी: स्टार्ट मोजा

पहिली गोष्ट, आणि ही फुकट आहे: आज किती वेळा स्टार्ट घेतला? बहुतेक मोटरींच्या नेमप्लेटवर किंवा कागदांत थंड स्थितीतून दोन आणि गरम असताना एक स्टार्ट असं लिहिलेलं असतं. हे कोणी वाचत नाही. मोटर सुटली नाही की बटण पुन्हा दाबतात आणि मला बोलवेपर्यंत पाच-सहा स्टार्ट झालेले असतात.

हे का महत्त्वाचं ते आकड्यांत बघू. रोटर आणि फ्लायव्हील मिळून या मोटरचा जडत्वाघूर्ण साधारण २५०० किलोग्रॅम-मीटर वर्ग आहे. ३०० आरपीएमला त्यात सुमारे १२ लाख जूल गतिज ऊर्जा साठते. मोटर बिनालोडची शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत गेली की जवळपास तेवढीच उष्णता रोटरमध्ये निघते आणि तिचा मोठा भाग डॅम्परच्या दांड्यांत जातो. डॅम्परचं तांबं ५० किलो धरलं, तर एका स्टार्टला सरासरी ६० अंशांच्या वर तापमान चढतं. ही सरासरी झाली. दांडे रिंगपेक्षा जास्त तापतात, आणि दोन दांडे तुटलेले असले तर त्यांचा करंट शेजाऱ्यांना घ्यावा लागतो. मे महिन्यात शेडमध्येच पंचेचाळीस अंश असतात, तिथून मोजायला सुरुवात करा. पुढच्या तपासण्यांना लागतील तेवढे मोजके सोडले तर तपास पूर्ण होईपर्यंत स्टार्ट बंद, हा माझा नियम.

डॅम्पर नक्की करतं काय

थोडं समजून घेऊ, नाहीतर पुढच्या तपासण्या का करायच्या ते कळणार नाही.

बर्डीवर चालती बस पकडायची असेल तर नुसता हात लांब करून भागत नाही, आधी बसबरोबर पळावं लागतं. स्टेटरचं चुंबकीय क्षेत्र या मोटरमध्ये ३०० आरपीएमने फिरतं. रोटर उभा असेल आणि त्याच्या पोलांवरच्या फील्ड वाइंडिंगला डीसी दिला, तर क्षेत्र प्रत्येक पोलला विजेच्या एका अर्ध्या सायकलमध्ये पुढे ओढतं आणि पुढच्या अर्ध्यात मागे. सेकंदाला पन्नास वेळा हे चालतं. एवढं जड रोटर इतक्या वेगाने दिशा बदलू शकत नाही, सरासरी टॉर्क शून्य. म्हणून सिंक्रोनस मोटर स्वतःहून सुरू होत नाही.

पळायचं काम डॅम्परचं. प्रत्येक पोलच्या तोंडावर खाचांमध्ये तांब्याचे किंवा पितळेचे दांडे बसवलेले असतात आणि दोन्ही टोकांना ते शॉर्टिंग सेगमेंटने जोडलेले असतात. शेजारच्या पोलचे सेगमेंट एकमेकांना बोल्टच्या लिंकने जोडले की रोटरभोवती पिंजरा पूर्ण होतो. फिरतं क्षेत्र या दांड्यांना कापतं, त्यांत करंट येतो आणि मोटर इंडक्शन मोटरसारखी उठते. ९५ टक्के वेगाला, म्हणजे २८५ आरपीएमला, फील्डला डीसी दिला की पोल क्षेत्राला पकडतात. तोपर्यंत फील्ड वाइंडिंगची दोन टोकं डिस्चार्ज रेझिस्टन्समधून एकमेकांना जोडून ठेवलेली असतात.

एकदा पकडलं की रोटर आणि क्षेत्र एकाच वेगाने फिरतात, दांड्यांना कोणी कापत नाही आणि त्यांत करंट राहत नाही. इथून डॅम्परचं दुसरं काम सुरू होतं. रोटर क्षेत्राला जणू स्प्रिंगने बांधलेला असतो. लोड वाढला की थोडा मागे पडतो, स्प्रिंग ओढते, तो पुढे जातो, पुन्हा मागे. हेच हंटिंग. रोटर असा झुलला की दांडे पुन्हा क्षेत्राच्या सापेक्ष हलतात, त्यांत करंट येतो आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे हा करंट झुलण्यालाच विरोध करतो. झोपाळ्यावर बसून पाय जमिनीला घासल्यासारखं. पण कोणी मागून ढकलतच राहिलं तर नुसता पाय घासून झोपाळा थांबत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

तपासणी १: लोड खरंच उतरलाय का

पॅनलला हात लावायच्या आधी कॉम्प्रेसरकडे जा. स्टार्टच्या वेळी अनलोडर उघडा असतो का? डिस्चार्ज लाइनचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दाब मागे सोडत नाही ना? डॅम्परचा स्टार्टिंग टॉर्क पूर्ण लोडच्या टॉर्कपेक्षा बराच कमी असतो, अशा कमी वेगाच्या मोटरींत पूर्ण टॉर्कच्या चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास. तो बिनालोडची मोटर उचलण्यापुरताच बेतलेला आहे. सिलिंडरमध्ये दाब अडकला असेल तर धडधाकट डॅम्परही हरतं आणि दोष त्याच्या माथी बसतो. मी निम्म्या वेळा इथूनच परत आलोय, फक्त अनलोडरच्या डायफ्रॅमची किंमत घेऊन.

आमच्या मोटरचा अनलोडर चांगला होता.

तपासणी २: स्टार्टच्या क्षणी व्होल्टेज

हे पॅनलवरच्या व्होल्टमीटरने, पीटीतून, म्हणजे व्होल्टेज उतरवून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून, येणाऱ्या रीडिंगने बघायचं. ३३०० व्होल्टवर मल्टीमीटर घेऊन जाऊ नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो. दाबायच्या आधी किती आणि दाबल्यावर सर्वात खाली किती, एवढे दोनच आकडे हवेत.

टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो. ३३०० चे २७०० झाले तर व्होल्टेज १८ टक्के पडलं, पण टॉर्क तेहतीस टक्के गेला. उन्हाळ्यात दुपारी आवारातले मोठे लोड एकत्र चालू असतात, त्याच वेळी स्टार्ट घेतला तर हाच प्रकार होतो. रात्री अकराला तीच मोटर मुकाट्याने सुटते. दुपारी अडकते आणि रात्री सुटते असं असेल तर आधी इथेच शोधा.

तिन्ही फेज सारखे आहेत का तेही बघून घ्या. असमतोल व्होल्टेजमुळे उलट फिरणारं क्षेत्र तयार होतं आणि ते धावत्या रोटरच्या दांड्यांत १०० हर्ट्झचा करंट कायम पाजत राहतं. थोड्या वेळासाठी बेतलेले दांडे दिवसभर तापतात. बरेच तुटलेले दांडे या हळूहळू भाजण्यातूनच आलेले असतात.

आमच्याकडे व्होल्टेज २९५० पर्यंत पडत होतं. टॉर्क वीस टक्के कमी झाला होता, पण पूर्वीही एवढंच पडायचं आणि तेव्हा मोटर सुटायची. म्हणून पुढे गेलो.

तपासणी ३: टॅकोमीटर

शाफ्टवर चमकत्या टेपचा तुकडा चिकटवा आणि दुरून ऑप्टिकल टॅकोमीटर धरा. मोटर अडकते तेव्हा वेग किती असतो ते नोंदवा. माझ्या मते या सगळ्या कामातलं हे सर्वात उपयोगी रीडिंग आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणी घेतलेलंच नसतं.

२८५ किंवा त्याहून वर जाऊन पकडत नसेल, तर डॅम्परने आपलं काम केलंय. मग फील्ड देणारा कॉन्टॅक्टर, स्लिप रिले, एक्साइटर, ब्रश, स्लिप रिंग बघा. १५० च्या आसपास अडकत असेल, तर फील्ड सर्किटचा रेझिस्टन्स फारच कमी पडतोय का ते बघा. फील्ड जवळपास शॉर्ट राहिली की अर्ध्या वेगाजवळ टॉर्कमध्ये खड्डा पडतो आणि मोटर तिथेच रेंगाळते.

आमची २७४ वर थांबत होती. म्हणजे स्लिप, रोटर क्षेत्राच्या जितका मागे पडतो तो, ८.७ टक्के, रोटरमध्ये ४.३ हर्ट्झ. हव्या होत्या ५ टक्के, २.५ हर्ट्झ. इथे मी एक चूक केली, ती लिहितो कारण इतरांनाही तोच मोह होतो. स्लिप रिलेची सेटिंग सैल करून २७४ लाच फील्ड द्यायला लावलं. मोटर हिसका देऊन पकडली. सगळे खूश झाले, मीही चहा पिऊन घरी गेलो. आठवड्याने पुन्हा फोन. इतक्या स्लिपवर फील्ड दिली की पोलला एका लहान झटक्यात सगळं जडत्व ओढावं लागतं. कधी जमतं, कधी नाही, आणि प्रत्येक फसलेल्या वेळेला कपलिंग, शाफ्ट आणि दांडे मार खातात. सेटिंग सैल करणं हा इलाज नाही. रिलेने खरं सांगितलं होतं, मी त्याचं तोंड बंद केलं.

तपासणी ४: काट्याचे झोके मोजा

मोटर सिंक्रोनिझममध्ये असताना अँमीटरवर मोबाइल धरून मिनिटभर व्हिडिओ घ्या. मग निवांत बसून झोके मोजा. दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली, काट्याची जलद थरथर. ३०० आरपीएम म्हणजे सेकंदाला पाच फेरे. डबल ॲक्टिंग सिलिंडर एका फेऱ्यात दोनदा दाबतो, म्हणून दहा हर्ट्झची थरथर त्या यंत्राच्या स्वभावातच आहे. तिचा अर्थ काढू नका. एका बाजूचा व्हॉल्व्ह गळायला लागला की दोन धक्के असमान होतात आणि पाच हर्ट्झचा झोका ठळक होतो. हा मागून ढकलणारा हात. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरसाठी नेमा या अमेरिकन संघटनेच्या मानकात करंटच्या अशा चढउताराची मर्यादा पूर्ण लोडच्या करंटच्या ६६ टक्के आहे. त्यापलीकडे गेला तर आधी कॉम्प्रेसर दुरुस्त करा.

दुसरी, संथ झुलणं. लोड बदलला की सुरू होतं, सेकंदाला साधारण दोन झोके, आणि हळूहळू विझतं. हा रोटर-स्प्रिंगचा स्वतःचा झोका. आमच्या मोटरसाठी हिशोब केला तर १.८ हर्ट्झ येतो. डॅम्पर धड असेल तर तीन-चार झोक्यांत हे विझायला हवं. पंधरा-वीस झोके चाललं, किंवा विझण्याऐवजी वाढत गेलं, तर घासणारा पाय कमजोर झालाय.

स्ट्रोबोस्कोप मिळाला तर आणखी चांगलं. मिनिटाला ३०० चमकांवर ठेवला की फ्लायव्हीलवरची खडूची रेघ उभी दिसते, आणि हंटिंग असेल तर मागे-पुढे डुलते. रिमची त्रिज्या एक मीटर असेल तर रिमवर १७ मिलिमीटर म्हणजे शाफ्टचा एक अंश. २० पोलच्या मोटरमध्ये तो दहा विद्युत अंशांइतका होतो. आमची रेघ लोड चढताना बोटभर नाही, चांगली चार बोटं डुलत होती.

हात भाजणार नाही अशा बेताने व्हॉल्व्हच्या कव्हरवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारला. एक सक्शन कव्हर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम. गळणारा सक्शन व्हॉल्व्ह गरम हवा परत आत-बाहेर करतो, म्हणून तो असा उघडा पडतो. व्हॉल्व्ह बदलला. पाच हर्ट्झची थरथर कमी झाली, संथ झुलणं मात्र तसंच राहिलं. ढकलणारा हात गेला, पाय अजून घासत नव्हता.

तपासणी ५: फील्डचा करंट आणि डिस्चार्ज रेझिस्टन्स

हंटिंगचा एक स्वस्त खुलासा आणखी आहे. फील्डचा करंट कमी असला की स्प्रिंगच सैल होते. नेमप्लेटवरचा फील्ड करंट आणि चालतानाचा करंट ताडून बघा, पॉवर फॅक्टर लॅगिंगला गेलाय का बघा, ब्रशचा दाब आणि स्लिप रिंगवरची काजळी बघा. अर्ध्या तासाचं काम.

डिस्चार्ज रेझिस्टन्स मोटर बंद, लॉक आणि अर्थ करूनच मोजायचा. फील्डच्या रेझिस्टन्सच्या काही पट, सहसा पाच ते दहा पट, असा तो असतो. आमच्याकडे फील्ड १.१ ओहम, हा ८ ओहम. दोन्ही बरोबर. हा तुटून उघडा पडला तर स्टार्टच्या वेळी उघड्या फील्डवर हजारो व्होल्ट चढू शकतात आणि इन्सुलेशन जातं. फील्डमधून मिळणारा थोडासा टॉर्कही हातचा जातो. स्लिप रिंगवर भाजल्याचे डाग दिसले तर हा नक्की तपासा.

तपासणी ६: कव्हर काढून डॅम्पर बघणं

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तर आता कव्हर काढायचं. आयसोलेटर उघडा, रॅक आउट, लॉक, टॅग, स्टेटर आणि फील्ड दोन्ही अर्थ. रोटर हाताने फिरवताना कॉम्प्रेसरमध्ये अडकलेला दाब सोडलेला असू द्या, नाहीतर पिस्टन उलटा ढकलतो आणि बोटं जातात.

टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा घ्या. मी तीन गोष्टी बघतो.

पहिली रंग. निळा-काळा पडलेला दांडा खूप तापलाय हे सगळे ओळखतात. पण निळ्या दांड्यांच्या रांगेत एखादा स्वच्छ, तांबूस दिसला, तर संशय त्याच्यावर घ्या. तो तुटलाय, म्हणून त्यात करंट जात नाही आणि त्याचा वाटा शेजाऱ्यांनी घेतलाय. नवखा माणूस काळ्यावर बोट ठेवतो, दोष गोऱ्यात असतो.

दुसरी जोड. दांडा जिथे सेगमेंटमध्ये ब्रेझ केलेला असतो तिथे केसासारखी भेग आणि कडेला काळी पूड. पितळेच्या छोट्या हातोडीने हळू टकटक करा. घट्ट दांडा टणक आवाज देतो, सुटलेला बद्द वाजतो. कान बसायला चार-पाच पोल लागतात, मग फरक आपोआप कळतो.

तिसरी, आणि आमच्या मोटरमध्ये हीच निघाली, पोलमधल्या लिंक. वीस पोल, दोन्ही बाजू, म्हणजे चाळीस लिंक. अकरा सैल होत्या. दोन लिंकचे बोल्ट हाताने फिरत होते, खालचा तांब्याचा पृष्ठभाग चट्ट्यांनी भरलेला. स्टार्टच्या वेळच्या ठिणग्या त्याच. शिवाय तीन दांड्यांच्या जोडाला भेगा.

लिंक सैल झाल्या की एवढं का बिघडतं? पोलच्या तोंडावरचे दांडे त्या पोलच्या आपल्या सेगमेंटमधून करंट फिरवू शकतात, पण दोन पोलांच्या मधल्या अक्षावर करंट वाहायचा तर तो लिंकवरूनच शेजारच्या पोलवर जातो. रोटर थोड्याशा कोनात झुलत असतो तेव्हा झुलणं दाबणारा बराचसा टॉर्क याच मधल्या अक्षावरच्या करंटमधून येतो. पिंजरा तुटला की आधी हंटिंग वाढतं, आणि त्याच वेळी स्टार्टचा शेवटचा टप्पाही लंगडा पडतो. दोन्ही तक्रारी एकत्र आल्या तर लिंक बघितल्याशिवाय कव्हर लावू नका.

डोळ्यांनी काही दिसलं नाही तर मायक्रो-ओहम मीटरने प्रत्येक जोड मोजा. नेमका आकडा किती हवा हा प्रश्न नाही. चाळीसही लिंकची रीडिंग एका कागदावर लिहा आणि एकमेकांशी ताडा. बाकीच्यांच्या दुप्पट दाखवणारी लिंक उघडून साफ करा. आमच्या सैल लिंक दहापट दाखवत होत्या, एक तर मीटरवर स्थिरच होत नव्हती.

इथे थांबा

लिंक साफ करणं, पृष्ठभाग घासणं, लॉक वॉशर नवे टाकून उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने बोल्ट आवळणं, हे कारखान्यातला चांगला मेंटेनन्स फिटर करू शकतो. बोल्ट आणि वॉशर मात्र होते त्याच मापाचे आणि वजनाचे घाला.

दांड्याला भेग दिसली की हात मागे घ्या. तिथे सोल्डरिंगचा उपयोग नाही, पुढच्या स्टार्टला ते वितळून स्टेटरवर उडतं. जागेवर गॅस टॉर्चही लावू नका. इंचभर खाली फील्ड कॉइलचं इन्सुलेशन असतं, आणि ते भाजलेलं मेगरमध्ये लगेच दिसेलच असं नाही. पोल काढून, कॉइल बाजूला घेऊन, सिल्व्हर ब्रेझिंग करून, परत बसवून रोटर बॅलन्स करणं, हे मोठ्या मोटरीच्या वर्कशॉपचं काम.

दांडा बदलायची वेळ आली तर एक गोष्ट वर्कशॉपला लिहून द्या: धातू होता तोच. एका ठिकाणी मूळ पितळेचे दांडे काढून "तांबं जास्त चांगलं" म्हणून तांब्याचे टाकलेले मी पाहिलेत. रेझिस्टन्स कमी झाला, सिंक्रोनिझमजवळचा टॉर्क सुधारला, पण उभं असतानाचा टॉर्क पडला आणि मोटर जागचीच हलेना. पितळ डिझायनरने पैसे वाचवायला नव्हतं घातलं.

याखेरीज फील्डचा मेगर कमी आला, पोल सैल वाटला, दांडा खाचेतून बाहेर सरकलेला दिसला, किंवा स्टेटर कॉइलच्या टोकांवर तांब्याचे थेंब दिसले, तर मोटर पुन्हा सुरू न करता लगेच फोन करा. सरकलेला दांडा धावताना स्टेटरला घासला की दुरुस्तीचा खर्च वेगळ्याच पातळीवर जातो. आणि हाय टेन्शनवर काम करायचा परवाना असलेला माणूस सोबत नसेल तर तपासणी ६ सुरूच करू नका.

पुढे काय झालं

हिंगण्याच्या मोटरचे तीन पोल वर्कशॉपला गेले, अकरा लिंक जागेवरच साफ करून आवळल्या, बाकीच्या एकोणतीसही उघडून बघितल्या. स्लिप रिले परत २८५ वर आणला. पहिला स्टार्ट: २८८ पर्यंत गेली, फील्ड लागली, हिसका न देता पकडली. एकूण दहा सेकंद. लोड चढवला, काटा चार वेळा डुलला आणि बसला. फ्लायव्हीलवरची रेघ एका बोटाच्या आत राहिली.

महिन्याभराने लिंकचे बोल्ट पुन्हा तपासले, दोन पाव फेरा आवळावे लागले. नव्याने घासलेलं तांबं पहिल्या काही तापण्यांत बसतं, म्हणून ही एक फेरी मी बिलातच धरतो. ऑपरेटर आता प्रत्येक स्टार्टचे सेकंद पॅनलच्या दारावर आतून खडूने लिहितो. परवा गेलो तेव्हा शेवटची ओळ १०, १०, ११, १० अशी होती, आणि अकराखाली त्याने स्वतःच लिहिलं होतं: दुपारी दोन, व्होल्टेज कमी.